सेकंदाला आठ चित्रं

शाळेत तिला सगळे 'कॉम्प्युटरवाली' म्हणत. म्हणजे जे बोलून म्हणू शकत ते म्हणत. शाळा कर्णबधिर मुलांची होती, आणि शिक्षकांपैकी निम्म्याहून जास्त स्वतःच ऐकू न येणारे. चार वर्षांपूर्वी तिला शाळेची वेबसाइट सांभाळायला ठेवलं, तेव्हा तिला वाटलं होतं, खुणांची भाषा आपण सहा महिन्यांत उचलू. ते राहूनच गेलं. जिन्याखालची खोली, एक टेबल, एक मशीन, आणि समोर भिंत. जेवणाच्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत बसायची, तेव्हा आजूबाजूला सगळ्यांचे हात भराभर चालायचे, कुणीतरी खांदे उडवून हसायचं, कुणी टेबलावर थाप मारून दुसऱ्याचं लक्ष वेधायचं. इतक्या गप्पा रंगलेल्या असायच्या आणि तिला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मग ती डब्यात बघत भराभर जेवायची आणि उठायची. घरी गेल्यावरही बोलायला कुणी नव्हतं. दिवसाकाठी तिचा आवाज तिला स्वतःला जेमतेम दहा-बारा वेळा ऐकू यायचा.

शाळेच्या वेबसाइटवर एकच गोष्ट खरी मोलाची होती, ती म्हणजे खुणांचा शब्दकोश. अकराशे ऐंशी शब्द. प्रत्येक शब्दाशेजारी एक छोटं हलतं चित्र: राखाडी भिंतीसमोर उभा असलेला, काळ्या सदऱ्यातला, टक्कल पडलेला एक माणूस ती खूण करून दाखवतोय, थांबतोय, पुन्हा करतोय. ही चित्रं जिफ होती. सहा वर्षांपूर्वी, तिच्या आधीच्या माणसाने बनवून ठेवलेली.

एका सोमवारी सकाळी फोन आला. दुरून बोलणारी बाई होती, आवाज दमलेला.

"ताई, तुम्हीच का ते खुणांचं पान बघता?"

"हो, बोला ना."

"माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. त्याला ऐकू येत नाही. आमच्याकडे तशी शाळा नाही, मीच त्या पानावरून शिकते नि त्याला शिकवते. पण ताई, 'घरातल्या वस्तू' उघडलं की फोन गपगार पडतो. 'पाणी' दिसेपर्यंत पोरगं रडून झोपतं. आणि दिवसाचा नेट तिथेच संपतो. थोडं हलकं नाही का करता येणार?"

"बघते," ती म्हणाली. ती नेहमी असंच म्हणायची. पण फोन ठेवल्यावर या वेळी तिने खरंच बघितलं. त्या एका पानावर बत्तीस जिफ होते, प्रत्येक पावणेदोन एमबीच्या आसपास. पान उघडलं की सगळे एकदम उतरायला लागायचे. पंचावन्न एमबी, बत्तीस शब्दांसाठी! तिला स्वतःचीच लाज वाटली. चार वर्षं ती या पानाला रोज हात लावत होती, पण शाळेच्या जलद नेटवर.

जिफचं दुखणं तिला ठाऊक होतं. एका चित्रात फक्त दोनशे छप्पन रंग बसतात. माणसाच्या कातडीच्या छटा, भिंतीचा राखाडी, सदऱ्यावरच्या सावल्या एवढ्या थोड्या रंगांत बसवायच्या तर प्रोग्राम ठिपके ठिपके टाकून डोळ्याला फसवतो, आणि ते ठिपके आवळून लहान करता येत नाहीत. वेबपी हा नवा प्रकार यातून सुटलेला. त्याला रंगांची चणचण नाही आणि तो फोटोसारखा आवळतो. एव्हीआयएफ त्याच्याही पुढचा. व्हिडिओप्रमाणे तो एका चित्रातून पुढच्यात काय बदललं तेवढंच लिहितो, म्हणून आणखी छोटा होतो. फक्त बनवायला वेळ खातो.

तिने सरळ वाट धरली. सगळे जिफ एका प्रोग्रामला दिले आणि त्यांचे वेबपी करून घेतले. दुपारपर्यंत काम झालं. पावणेदोन एमबीचे सातशे केबी झाले. ती मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, आकडे घेऊन गेली.

"निम्म्याहून कमी? मग काय, लाव की," मोठ्या बाई म्हणाल्या.

"लावते, पण चित्र चांगलं नाहीये. चेहऱ्यावर डाग डाग आलेत. जिफमध्ये आधीच ठिपके होते ना, तेच मी पुन्हा आवळलेत. घाण पाण्याने धुतलेल्या कपड्यासारखं झालंय. मूळ व्हिडिओ मिळाले तर पाचपट हलकं होईल आणि स्वच्छही."

"मूळ व्हिडिओ आपल्याकडे नाहीत. ते मास्तरांकडे असतील."

"कोण मास्तर?"

मोठ्या बाईंनी तिच्याकडे जरा आश्चर्याने बघितलं. "अगं, ज्यांना तू रोज बघतेस ते. टक्कलवाले. आपल्याकडे तीस वर्षं होते. निवृत्त होताना शब्दकोश करून गेले. नंतर मात्र फिरकले नाहीत. का कोण जाणे, रागावलेत काहीतरी."

चार वर्षं ती त्या माणसाचे हात बघत होती. तो या गावात, बसने वीस मिनिटांवर राहतो, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दारावरची घंटा दाबली की आत दिवा उघडझाप करायचा, ते दाराच्या फटीतून दिसलं. दार उघडलं. तोच चेहरा, पण म्हातारा झालेला, आणि हात खाली सोडलेले. ते हात स्थिर असलेले तिने कधी पाहिलेच नव्हते.

तिने फोनवर लिहून दाखवलं: "नमस्कार मास्तर. मी शाळेच्या वेबसाइटचं काम करते. शब्दकोशाचे मूळ व्हिडिओ हवे होते."

मास्तरांनी वाचलं, तिला आत घेतलं, आणि एका वहीत टोकदार अक्षरात लिहिलं, "कशाला? अजून बिघडवायला?"

"काय बिघडलंय?" तिने लिहिलं.

ते उठले. उजवी मूठ डाव्या तळव्यावर एकदा टेकवली आणि थांबले. मग तीच मूठ त्याच तळव्यावर झटपट दोनदा टेकवली. तिला फरक दिसला खरा, पण अर्थ कळेना. मास्तरांनी लिहिलं:

"एकदा म्हणजे बसणे. दोनदा म्हणजे खुर्ची. आता तुझं पान उघड."

तिने 'खुर्ची' काढलं. चित्रातल्या मास्तरांनी मूठ उचलली, टेकवली, खाली नेली. एकदाच. तिने पुन्हा बघितलं. एकदाच.

मास्तर भराभर लिहीत होते. अक्षर वाकडं व्हायला लागलं होतं. "सहा वर्षं मी जगाला खुर्ची म्हणून बसणे सांगतोय. असे खूप शब्द आहेत. मी शाळेला चार पत्रं पाठवली. तुझ्या आधीचा म्हणाला, व्हिडिओत तसंच आहे. मी चुकलो असेन. माझीच भाषा, आणि मी चुकलो असेन!"

तिला एकदम उलगडा झाला. मूळ व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं असणार. जिफ फार जड होऊ नये म्हणून आधीच्या माणसाने त्यातली आठच ठेवली होती. दोन चित्रांमध्ये सेकंदाचा आठवा भाग. तेवढ्यात मास्तरांची मूठ उचलून पुन्हा टेकत होती. एका चित्रात मूठ टेकलेली, पुढच्यातही टेकलेली, आणि मधलं उचलणं कुठेच नाही. दोनदाचं एकदा झालं होतं. आणि ती मघाशी तीच चूक नव्या वेष्टनात बांधून लावायला निघाली होती.

हे सगळं लिहून समजावायला तिला अर्धं पान लागलं. शेवटी तिने लिहिलं, "तुम्ही चुकला नव्हता मास्तर. आम्ही तुमचे हात गाळले."

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग आतल्या खोलीत जाऊन कपाटाच्या वरच्या फळीवरून, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली हार्डडिस्क घेऊन आले. पण तिच्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि लिहिलं, "इथे बसून कर. मी प्रत्येक शब्द बघणार."

असं ते मंगळवार-शुक्रवारचं ठरलं. मोठ्या बाईंनी आधी कुरकुर केली. "अकराशे शब्द एकेक करून? अगं, वर्ष जाईल." पण तिने 'खुर्ची' दाखवल्यावर त्यांनी होकार दिला. त्यांनाही खुणा उत्तम येत होत्या. सहा वर्षांत त्यांनीही ते पान नीट बघितलं नव्हतं.

ती लॅपटॉप घेऊन दुपारी जायची. मूळ व्हिडिओतून खुणेचा नेमका तुकडा कापायचा, आकार लहान करायचा, पण पंचवीसच्या पंचवीस चित्रं ठेवायची. वेबपी एक अडीचशे ते साडेतीनशे केबीचा बनायचा. जिफपेक्षा तिप्पट चित्रं असूनही वजन पाचव्या हिश्शाच्या आत. चेहरा स्वच्छ दिसायचा. भुवया दिसायच्या. मास्तर लिहायचे, "भुवया म्हणजे प्रश्नचिन्ह. जिफमध्ये ठिपक्यांत गेल्या होत्या. मी प्रश्न विचारतोय हे कुणाला कळणार?"

त्यांना हौस वाटली होती एव्हीआयएफची, कारण तो जेमतेम शंभर केबीचा व्हायचा. तिलाही. तिने एका आठवड्यात शंभर शब्द त्यात करून घेतले. पानात अशी सोय करता येते की ब्राउझरला आधी एव्हीआयएफ पुढे करायचा, त्याला तो प्रकार कळत नसेल तर तो वेबपी उचलतो. तिने तसं लावलं, शाळेच्या मशीनवर बघितलं, छान चाललं. मग पुढच्या खेपेला मास्तरांनी खिशातून आपला जुना फोन काढला आणि तेच पान उघडलं. चित्रातले मास्तर हात वर करून उभे. हात हलेनात. पुढचा शब्द, तिथेही पुतळा.

मास्तरांनी भुवया उंचावून तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न तिला न लिहिता कळला.

तिने तासभर डोकं खाजवलं तेव्हा कारण सापडलं. त्या फोनच्या ब्राउझरला एव्हीआयएफ कळत होता, पण फक्त स्थिर. हलता कळत नव्हता. पानाने विचारलं, 'तुला हा प्रकार येतो का?' तो म्हणाला, 'येतो', आणि पहिलं चित्र दाखवून मोकळा झाला. येतं म्हणाल्यावर वेबपीकडे जायचं कारणच उरलं नाही.

"म्हणजे तुझ्यासारखं," मास्तरांनी लिहिलं. "शाळेत आहेस म्हणजे खुणा येतात असं सगळ्यांना वाटतं."

तिला हसू आलं आणि लागलंही. घसरलेला चष्मा सावरत ती लॅपटॉपवर मान घालून बसली. मास्तरांनी टेबलावर बोटांनी टकटक केलं. तिने वर बघितल्यावर त्यांनी तर्जनीने नाकावर चष्मा वर सरकवल्याची खूण केली आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

"काय?"

"तुझं नाव," त्यांनी लिहिलं. "आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. चित्रकलेच्या बाईंनी कळवलं मला. तू आलीस त्या पहिल्या महिन्यातच ठेवलंय. शाळेत सगळे तुला याच नावाने हाका मारतात."

चार वर्षं. कुणीतरी खोलीच्या पलीकडून तिला हाक मारत असेल, आणि ती डब्यात बघत असेल. तिला वाटत होतं तिला कुणी बोलावत नाही.

"मला कुणी सांगितलं नाही," तिने लिहिलं.

"सांगत होते," मास्तरांनी लिहिलं. "हातांनी."

त्या दिवशी पुढे काम झालं नाही. त्यांनी चहा केला. दोघं खिडकीशी बसले. मास्तरांनी तिला वीस खुणा शिकवल्या, तिने त्यातल्या सहा बरोबर केल्या. परत येताना बसमध्ये ती मांडीवर हात ठेवून त्या सहाच पुन्हा पुन्हा करत होती. शेजारची बाई जरा सरकून बसली.

शेवटी तिने असं ठरवलं: पान उघडताना फक्त स्थिर चित्रं यायची, एव्हीआयएफमध्ये, प्रत्येकी दहा केबीच्या आत. ज्याला तेही कळत नाही त्याला साधा जेपेग. आणि बोट लावलं की त्या एका शब्दाचा हलता वेबपी उतरायचा. मास्तरांच्या जुन्या फोनवर 'घरातल्या वस्तू' तीनशे केबीत उघडलं. त्यांनी 'खुर्ची'ला बोट लावलं. मूठ दोनदा टेकली. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा दोनदा. त्या दुपारी त्यांनी ते सतरा वेळा तरी बघितलं असेल.

अकराशे ऐंशी शब्द संपायला पाच महिने लागले. दोनशे चौदा शब्द जिफने बिघडवले होते. मास्तरांनी त्यांची यादी वहीत केली आणि शब्द दुरुस्त होईल तसा एकेक खोडत गेले. तिला तोपर्यंत दीडेकशे खुणा येत होत्या, बोबड्या. शिक्षकांच्या खोलीत आता ती वर बघून जेवायची. चित्रकलेच्या बाई तिच्याशी मुद्दाम सावकाश बोलायच्या. पण वेगाने चाललेल्या गप्पांत ती अजून बाहेरच असायची, आणि सगळे हसले की सेकंदभर उशिरा हसायची.

नवीन पान सुरू झाल्यावर तिने त्या दूरच्या आईला स्वतःहून फोन केला.

"उघडलं हो ताई! लगेच उघडलं," ती म्हणाली. "पण एक सांगू? मी त्याला खुर्ची चुकीची शिकवली होती. आता तो मलाच दोनदा करून दाखवतो. पानावरचे आजोबा असं करतात, म्हणतो."

मागून टेबलावर कुणीतरी लहान मूठ आपटल्याचा आवाज आला. तिने फोन कानाला घट्ट धरून ठेवला.

शुक्रवारी हे सांगायला ती मास्तरांकडे गेली, तर दारातच दोन बॅगा होत्या. मास्तरांनी वही पुढे केली. आधीच लिहून ठेवलं होतं. "मुलीकडे चाललो. कायमचा. पाय साथ देत नाहीत, दोन जिने झेपत नाहीत. तुझं काम संपायची वाट बघत होतो."

तिने त्या दूरच्या आईच्या फोनचं लिहिलं. मास्तरांनी वाचलं, मान हलवली, आणि खाली लिहिलं, "मुलीला खुणा येतात. नातवांना येत नाहीत. ते मला बघून नुसते हसतात. पान त्यांना दाखवायला मला लाज वाटायची. आता दाखवेन."

हार्डडिस्क त्यांनी टॉवेलसकट तिच्या हातात दिली.

बसस्थानकावर ती बॅगा घेऊन बरोबर गेली. मास्तरांना खिडकीची जागा मिळाली. गाडी थंड हवेची होती, काचा बंद. फलाटावर माणसं काचेला तोंड लावून ओरडत होती. "पोचलास की फोन कर!", "काय? काय म्हणालास?" आतली माणसं कानाला हात लावून माना हलवत होती. कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी काचेआडून तिचं नाव घेतलं. मग त्यांचे हात चालू लागले, तिच्यासाठी सावकाश. 'घर', एवढं तिला कळलं. 'रिकामं' कळलं. मग 'तू', आणि मग दोन खुणा ज्या तिने अकराशे ऐंशीत पाहिल्या असणार, पण आठवेनात. तिने हाताने विचारलं, पुन्हा? भुवया वर करायला ती विसरली नाही.

मास्तर हसले आणि पुन्हा सुरुवात केली. गाडी हलली. तिसऱ्या खुणेपर्यंत ती गाडीबरोबर चालत होती. मग गाडीने वळण घेतलं आणि काचेवर नुसतं ऊन चमकलं.

ती थोडा वेळ फलाटावरच थांबली. मग बाकावर बसून फोन काढला आणि शब्दकोश उघडला. शब्दावरून खूण सापडते, खुणेवरून शब्द सापडत नाही, तशी सोय अजून कुणी केलेली नव्हती. म्हणून ती 'अ'पासून एकेक चित्राला बोट लावत निघाली. काळ्या सदऱ्यातले, सहा वर्षांनी तरुण मास्तर प्रत्येक शब्द तिला दाखवत होते, थांबत होते, पुन्हा दाखवत होते. शेजारी हार्डडिस्क होती. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. ती 'क'पर्यंत आली होती.